दोन रुग्ण, एकच बीपी: एंडोटॉक्सिनचा शॉक कसा घडतो आणि वॉर्डात तो कसा ओळखायचा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या रुग्णालयात नव्याने रुजू झालेले इंटर्न, नर्सिंगची मुलंमुली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्यांदाच एकट्याने ड्यूटी करणारे तरुण डॉक्टर यांच्यासाठी हे लिहीत आहे. एक्झोटॉक्सिन आणि एंडोटॉक्सिन यांच्यातल्या फरकाचा तक्ता तुम्ही परीक्षेत लिहिलेला असतो. एक प्रथिन, दुसरं लिपोपॉलिसॅकराइड. एक उष्णतेने नष्ट होतं, दुसरं टिकतं. गुण मिळतात, पण समोरच्या खाटेवरच्या माणसाचं बीपी ८० वर का आलं आणि आता नेमकं काय करायचं, याचं उत्तर तक्त्यात सापडत नाही. ते सापडावं म्हणून आपण एकेक पायरी चढत जाऊ. इथले सगळे आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं.

पायरी १: दोन विषं समोरासमोर ठेवा

सुरुवात कॉलऱ्यापासून करू, कारण दोन्ही विषांच्या शोधाचा धागा या एकाच जंतूतून जातो.

१८९२ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड फायफर यांना दिसलं, की कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारून टोचले तरी गिनीपिग मरतात. जंतू मेलेला असूनही विष शाबूत होतं, म्हणजे ते जंतूच्या शरीराचाच भाग होतं. त्याला त्यांनी एंडोटॉक्सिन म्हटलं. पुढे बरीच वर्षं कॉलऱ्याचे जुलाबही याच विषामुळे होतात असं धरलं जात होतं. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेलं नुसतं द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं. तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. आत एकही जंतू नव्हता. जुलाब घडवणारं विष जंतूने बाहेर सोडलेलं होतं, म्हणजेच ते एक्झोटॉक्सिन होतं.

आता वॉर्डातले दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोघांचं बीपी ८०, दोघांची नाडी १३०.

पहिल्याला कॉलरा आहे. कॉलऱ्याचं एक्झोटॉक्सिन आतड्याच्या पेशीत शिरून एक एन्झाइम सतत चालू ठेवतं. त्यामुळे पेशी मीठ आणि पाणी आतड्यात ओतत राहते. भाताच्या पेजेसारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, थंडगार हातपाय, आणि ताप जवळजवळ नाहीच. रक्तवाहिन्या उत्तम आहेत, हृदय उत्तम आहे, फक्त पाणी शरीराबाहेर गेलं आहे. म्हणून उपचारही सरळ आहे: गेलेलं पाणी परत द्या. तीव्र निर्जलीकरण झालेल्या प्रौढाला रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिली, त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि ७० मिली पुढच्या अडीच तासांत. ६० किलोच्या माणसाला तीन तासांत सहा लिटर. तेवढ्यावर तो उठून बसतो.

दुसऱ्याच्या मूत्रमार्गातून ई. कोलाय रक्तात गेला आहे. त्याला सहा लिटर सलाइन द्याल तर बीपी थोडं वर येऊन पुन्हा खाली जाईल आणि पाणी फुफ्फुसांत साचेल. पाणी शरीराबाहेर फारसं गेलेलंच नाही. रक्तवाहिन्या सैल पडल्या आहेत, त्यांच्या भिंती गळू लागल्या आहेत. पाणी आहे, पण वाहिन्यांच्या बाहेर, ऊतींमध्ये. हा एंडोटॉक्सिनचा शॉक.

एक्झोटॉक्सिनचं काम नेमकं असतं. धनुर्वाताचं विष मज्जारज्जूतल्या आवर घालणाऱ्या चेतापेशींना गप्प करतं, घटसर्पाचं विष पेशीची प्रथिननिर्मिती थांबवतं, कॉलऱ्याचं आतड्यावर बसतं. प्रत्येक विषाचं लक्ष्य वेगळं, म्हणून आजाराचं चित्र वेगळं. ही प्रथिनं असल्यामुळे फॉर्मालिनने त्यांचा विषारीपणा काढून टॉक्सॉइड लस बनवता येते. विळा लागून आलेल्या शेतकऱ्याला आपण देतो ते टीटीचं इंजेक्शन हेच. बहुतेक एक्झोटॉक्सिनं उष्णतेने निकामी होतात, पण स्टॅफिलोकोकसचं अन्नातलं विष उकळूनही टिकतं, हा अपवाद लक्षात ठेवा. लग्नाच्या पंगतीतलं दुपारचं अन्न संध्याकाळी नुसतं गरम करून वाढलं तर विषबाधा टळत नाही, ती यामुळे.

एंडोटॉक्सिनचं तसं नाही. जंतू ई. कोलाय असो, क्लेब्सिएला असो वा स्यूडोमोनास, चित्र बरंचसं सारखंच दिसतं: थंडी, ताप, बीपी घसरणं, प्लेटलेट्स कमी होणं. जंतू बदलले तरी चित्र सारखं का, हे कळण्यासाठी त्या रेणूकडे बघावं लागेल.

पायरी २: लिपोपॉलिसॅकराइडचा कोणता भाग घातक ते समजून घ्या

ग्रॅम-निगेटिव्ह जंतूला दोन पटलं असतात. बाहेरच्या पटलाचा बाहेरचा थर मुख्यतः लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे एलपीएसचा बनलेला असतो. एका ई. कोलाय जंतूवर त्याचे दहा लाखांच्या घरात रेणू असतात. हे विष जंतूच्या पोटात साठवलेलं नाही, ते त्याच्या अंगावरच्या कवचाचा भाग आहे. जंतू वाढताना, फुटताना आणि मरताना त्याचे तुकडे सुटतात.

रेणूचे तीन भाग. सर्वात बाहेर साखरेच्या साखळीची लांब शेपटी, तिला ओ-अँटिजेन म्हणतात. ही प्रत्येक प्रकारच्या जंतूत वेगळी असते. मधे साखरेचाच गाभा. आणि पटलात रुतलेला भाग म्हणजे लिपिड-ए: दोन ग्लुकोसामाइन, त्यांना जोडलेले फॉस्फेट, आणि ई. कोलायमध्ये सहा चरबीच्या साखळ्या. आपल्याला आजारी पाडतो तो हा लिपिड-ए. तो बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंत जवळपास सारखा असतो, म्हणून आजारही सारखाच दिसतो. तो प्रथिन नाही, म्हणून ऑटोक्लेव्हमध्येही टिकतो आणि त्याचं टॉक्सॉइड बनत नाही.

मात्रा किती लागते? निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत किलोला २ ते ४ नॅनोग्रॅम शुद्ध एंडोटॉक्सिन शिरेतून दिलं जातं. ६० किलोच्या माणसाला जास्तीत जास्त २४० नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा सुमारे चाळीस लाखावा भाग. तासाभरात थंडी, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते, तीन-चार तासांत ताप शिगेला पोहोचतो आणि त्याच दिवशी उतरतो.

इतक्या कमी मात्रेत काम करणाऱ्या या रेणूत स्वतःचं असं मारक काही नाही. धनुर्वाताच्या विषासारखा तो एखादं प्रथिन तोडत नाही. तो ओळखला जातो, इतकंच. पुढचं सगळं आपलं शरीर करतं.

पायरी ३: साखळी एकदा सावकाश वाचा

रक्तात एलपीएस सुटला की यकृतात तयार होणारं एक प्रथिन, एलबीपी, त्याला पकडतं. ते त्याला मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींवरच्या सीडी-१४ कडे सोपवतं. सीडी-१४ तो एमडी-२ नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत ठेवतं आणि एमडी-२ ज्याला चिकटलेलं असतं तो टीएलआर-४ हा रिसेप्टर जागा होतो. पेशीच्या आत संदेश जातो, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो आणि पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ सोडू लागते. पेशीच्या आत शिरलेल्या एलपीएससाठी वेगळा पहारा आहे. तिथे कॅस्पेज-४ त्याला ओळखतो, आणि ती पेशी फुटून मरते व आणखी संदेश बाहेर सांडतात.

टीएलआर-४ हाच एलपीएसचा रिसेप्टर आहे हे १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने दाखवलं. त्यासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्यांनी वापरलेल्या उंदरांची कहाणी मला फार मोलाची वाटते. या उंदरांच्या टीएलआर-४ जनुकात बिघाड होता, त्यामुळे भरपूर एलपीएस टोचला तरी त्यांना काहीच होत नसे. पण त्याच उंदरांना जिवंत साल्मोनेला थोडासा जरी दिला तरी ते पटकन मरत. इशारा ऐकूच आला नाही तर जंतू मोकळा सुटतो.

ज्वारीच्या शेतात माळ्यावरचा राखणदार एकदा ओरडला तर पाखरं उडतात आणि पीक वाचतं. साऱ्या गावाने शेतात धाव घेतली तर पीक पायांखाली जातं. जखमेभोवतीची सूज म्हणजे पहिला प्रकार. तोच टीएनएफ एका बोटाच्या जखमेपुरता सुटला तर तिथल्या वाहिन्या सैल होऊन पांढऱ्या पेशी आत येतात आणि जखम बरी होते. तोच रक्तातून सगळीकडे पोहोचला की साऱ्या शरीरातल्या वाहिन्या एकाच वेळी सैल होतात.

पायरी ४: प्रत्येक लक्षणामागचं कारण शोधा

साखळी पाठ करण्यापेक्षा ती खाटेशी जोडा.

*हुडहुडी.* टीएनएफ आणि इंटरल्यूकिनमुळे मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि शरीराच्या तापमानाची ठरलेली पातळी वर सरकते. समजा पातळी ३९.५ झाली आणि अंग अजून ३७ वर आहे. मेंदूला वाटतं, शरीर थंड पडलंय. म्हणून दात वाजतात, माणूस दोन गोधड्या मागतो आणि स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. खाट हलेल इतकी थंडी वाजणं ही रक्तात जंतू असल्याची जोरदार शंका घेण्याची जागा आहे.

*पडलेलं बीपी.* रक्तवाहिन्यांच्या भिंतीत नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होतो आणि वाहिन्या सैल पडतात. सुरुवातीला हात गरम असू शकतात, नाडी धडधडत असते आणि खालचं बीपी विशेष खाली असतं. हात गरम आहेत म्हणजे शॉक नाही, असं समजू नका.

*सूज आणि धाप.* वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये फटी पडतात. दिलेलं सलाइन त्यातून बाहेर झिरपतं. फुफ्फुसात झिरपलं की ऑक्सिजन उतरतो.

*कमी प्लेटलेट्स.* मोनोसाइटवर टिश्यू फॅक्टर उगवतो आणि सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होऊ लागतात. प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारे घटक तिथे खर्ची पडतात. म्हणून एकाच रुग्णात गुठळ्याही दिसतात आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्तही थांबत नाही. पावसाळ्यात प्लेटलेट्स ८० हजार दिसल्या की आपल्याकडे सगळे लगेच डेंगी म्हणतात. डेंगी तपासाच, पण या कारणाचाही विचार करा.

*वाढलेलं लॅक्टेट.* ऊतींपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही, पोहोचलं तरी पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही, आणि तणावात ग्लुकोज जोरात जळतं. आज सेप्टिक शॉकची व्याख्या पडलेला दाब आणि वाढलेलं लॅक्टेट या दोन गोष्टींवर उभी आहे. पुरेसा द्रव देऊनही सरासरी धमनी दाब ६५ च्या वर ठेवायला वाहिन्या आवळणारं औषध लागतं आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर राहतं. ही व्याख्या २०१६ ची.

सरासरी दाब मॉनिटरवर दिसला नाही तर काढता येतो. वरच्या आणि खालच्या बीपीतल्या फरकाचा एक तृतीयांश घ्या आणि तो खालच्या बीपीत मिळवा.

पायरी ५: उन्हाळ्यात "ऊन लागलंय" ऐकलं की थांबा

ही पायरी खास आपल्या भागासाठी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसांत ताप आणि बरळणं घेऊन आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला घरचे, आणि कधी कधी आपणही, उष्माघाताच्या रांगेत बसवतो.

फरक पायरी ४ मधल्या हुडहुडीत आहे. उष्माघातात मेंदूने ठरवलेली तापमानाची पातळी तीच असते, शरीराला फक्त उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून तापमान चढताना थंडी वाजत नाही. पॅरासिटामॉल पातळी खाली आणतं, म्हणून ते जंतुसंसर्गाच्या तापात चालतं आणि उष्माघातात निरुपयोगी ठरतं. नातेवाइकांना ताप किती होता यापेक्षा दोन प्रश्न विचारा: ताप चढताना थंडी वाजली का? आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत लघवीला जळजळ, कुशीत दुखणं, खोकला, जुलाब, पायाची जखम यांतलं काही होतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर मलेरियाची रॅपिड टेस्टही लगेच करा, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यातून आलेल्या रुग्णाची.

या खुणेला मर्यादा आहेत. म्हाताऱ्या किंवा मधुमेही रुग्णात सेप्सिस असूनही ताप येत नाही, कधी तापमान ३६ च्या खालीही जातं. आणि खऱ्या उष्माघातात आतड्याचं अस्तर उष्णतेने सैल होऊन तिथल्या जंतूंचा एलपीएस रक्तात झिरपतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच खाटेवर असू शकतात. शंका राहिली तर अंग थंड करणं आणि अँटिबायोटिक, दोन्ही सुरू करा. एकाच्या निकालासाठी दुसरं थांबवू नका.

पायरी ६: एक रुग्ण पूर्ण बघा

शिकवण्यासाठी रचलेला रुग्ण घेऊ, असे रुग्ण आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. यावल तालुक्यातल्या ५५ वर्षांच्या बाई, वजन ६० किलो, मधुमेह. मे महिना, सकाळचे ११. मुलगा सांगतो, "मायले थंडी वाजीसन ताप उना, आते काहीबी बोली ऱ्हायनी." आदल्या दिवशी त्या केळीच्या बागेत कामाला गेल्या होत्या, म्हणून गावात सगळ्यांनी ऊन लागल्याचं सांगितलं. खोदून विचारल्यावर कळतं, की दोन दिवस डाव्या कुशीत दुखत होतं आणि लघवीला जळजळ होती.

तापमान ३९.४, नाडी १२८, श्वास मिनिटाला २८, बीपी ८४/४६. सरासरी दाब काढा: ८४ वजा ४६ म्हणजे ३८, त्याचा तिसरा भाग सुमारे १३, अधिक ४६, म्हणजे ५९. नख दाबून सोडल्यावर लाली परत यायला पाच सेकंद लागतात, तीनच्या आत यायला हवी. ग्लुकोमीटरवर साखर २८६. ही साखर आधी बघायची, कारण बरळणाऱ्या मधुमेही माणसाची साखर कमी असेल तर ते पाच मिनिटांत सुटणारं कारण असतं.

*११:१०.* दोन हातांत दोन जाड शिरा. रक्त कल्चरच्या दोन जोड्या, वेगवेगळ्या जागांहून, त्वचा नीट पुसून. त्याच वेळी लॅक्टेट, सीबीसी, क्रिएटिनिन. कॅथेटर घालून लघवीचा नमुना. लघवी गढूळ, जेमतेम १५ मिली. दर तासाला किलोला अर्धा मिली म्हणजे ३० मिली तरी हवी.

*११:२०.* रिंगर लॅक्टेट सुरू. किलोला ३० मिली म्हणजे १८०० मिली, पहिल्या तीन तासांच्या आत. एकदम सोडून द्यायचं नाही. प्रत्येक ५०० मिलीनंतर फुफ्फुसांचे तळ ऐका आणि ऑक्सिजन बघा.

*११:३०.* पहिलं अँटिबायोटिक. शॉकमध्ये ते ओळखल्यापासून एका तासात जायला हवं. आपल्याकडे ईएसबीएल हे बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारं एन्झाइम बनवणारे ई. कोलाय सर्रास आढळतात, म्हणून अशा रुग्णाला वरिष्ठ बहुधा मेरोपेनेम सांगतील, १ ग्रॅम शिरेतून. कल्चर घेणं कठीण जात असेल तर पाऊण तासापेक्षा जास्त त्यासाठी अडून राहू नका.

*१२:१५.* लॅक्टेट ४.६, पांढऱ्या पेशी १९ हजार, प्लेटलेट्स ९२ हजार, क्रिएटिनिन २.१. एक लिटर गेलं आहे, बीपी ८८/४८, सरासरी ६१. इथे नवखा माणूस आणखी दोन लिटर लावतो. पायरी १ आठवा: हा कॉलरा नाही. वाहिन्या सैल आहेत, त्या आवळाव्या लागतील. नॉरअॅड्रेनॅलिन सुरू करायचं, मिनिटाला किलोमागे ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमपासून. मधली मोठी लाइन टाकेपर्यंत कोपरापाशी किंवा त्याच्या वर घातलेल्या चांगल्या शिरेतून थोडा वेळ चालतं, पण सुईची जागा सारखी तपासा. औषध बाहेर झिरपलं तर कातडी काळी पडते. ठरलेला उरलेला द्रव सोबत चालू राहील.

*१२:३०.* सरासरी दाब ६१ वरून ५८. मुलगा घाबरतो: इंजेक्शन दिल्यावर तब्येत बिघडली. अँटिबायोटिकने जंतू फुटले की एलपीएसचा नवा लोंढा सुटू शकतो, त्यामुळे काही रुग्णांत पहिल्या डोसनंतर ताप आणि बीपी थोडा वेळ आणखी बिघडतात. पण आपोआप वाढत चाललेल्या शॉकमध्येही हेच दिसतं, आणि औषधाची अॅलर्जीही याच वेळी येते. म्हणून अंगावर गांधी, ओठांची सूज, छातीत घरघर आहे का ते बघा. नसेल तर नॉरअॅड्रेनॅलिन वाढवा. अँटिबायोटिक थांबवू नका, पुढचा डोसही लांबवू नका.

*१:१५.* सोनोग्राफी: डावी मूत्रनळी खड्याने बंद, किडनी फुगलेली. या रुग्णाचं भवितव्य इथे ठरतं. अडलेल्या, दाबाखालच्या पुवात अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही आणि तिथून जंतू व एलपीएस रक्तात येतच राहतात. बीपी सावरलं की सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. सर्जनला आत्ता फोन. त्याच दुपारी स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून किडनी मोकळी करायची. खडा काढणं नंतर, संसर्ग गेल्यावर.

संध्याकाळी ५ ला लॅक्टेट ३.१, लघवी तासाला ४० मिली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅक्टेट १.६, नॉरअॅड्रेनॅलिन बंद करत आणलेलं. कल्चरमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय, पुढे ई. कोलाय. प्लेटलेट्स मात्र दुसऱ्या दिवशी ७० हजारांवर गेल्या आणि मग चढू लागल्या. हे असंच होतं: दाब आधी सावरतो, प्लेटलेट्स मागून येतात.

पायरी ७: एलपीएसलाच अडवणारं औषध का नाही, हे माहीत ठेवा

हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. प्रयत्न खूप झाले. लिपिड-ए ला चिकटणारी प्रतिपिंडं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि मागे घ्यावी लागली. एमडी-२ ची खोबण अडवणाऱ्या एरिटोरान या औषधाच्या मोठ्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, मृत्यू कमी झाले नाहीत. पॉलिमिक्सिन-बी एलपीएसला घट्ट धरतं, म्हणून त्याचा थर दिलेल्या गाळणीतून रक्त फिरवून पाहिलं. २०१८ च्या चाचणीत त्यानेही एकूण रुग्णांत फायदा दिसला नाही.

कारण वेळेत आहे. स्वयंसेवकांत टीएनएफ दीड तासाच्या आसपास शिखर गाठून उतरू लागतो. रुग्ण आपल्या दारात येतो तेव्हा इशारा देऊन झालेला असतो आणि पुढच्या साखळ्या स्वतःच्या बळावर चालू असतात. शिवाय सगळे सेप्टिक शॉक एलपीएसचे नसतात. स्टॅफिलोकोकस किंवा न्यूमोकोकसच्या अंगावर एलपीएस नाही, तरी त्यांच्या भित्तिकेचे तुकडे दुसऱ्या रिसेप्टरमधून तीच आग लावतात. टॉक्सिक शॉक सिंड्रोममध्ये तर एक एक्झोटॉक्सिनच एकदम असंख्य टी-पेशी जाग्या करतं. खाटेपाशी जंतू ग्रॅम-निगेटिव्हच आहे हे चेहरा पाहून सांगता येत नाही, म्हणून पहिलं अँटिबायोटिक दोन्ही बाजू झाकणारं निवडतात आणि कल्चर आल्यावर आटोपशीर करतात.

पायरी ८: सलाइन लावल्यावर आलेली थंडी

आपल्याकडे अशक्तपणासाठी सलाइन लावून घेण्याची सवय गावोगाव आहे. त्यातून एलपीएसचं दुसरं रूप भेटतं. बाटली निर्जंतुक असते, पण निर्जंतुक असणं आणि एंडोटॉक्सिनमुक्त असणं वेगळं. ऑटोक्लेव्हने १२१ अंशांवर जंतू मरतात, त्यांचा एलपीएस तसाच राहतो. तो नष्ट करायला काचेचं सामान कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावं लागतं. म्हणून शिरेतून द्यायच्या द्रवांची एंडोटॉक्सिनसाठी वेगळी चाचणी होते, त्यासाठी हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींचा अर्क वापरतात. माणसाला तासाला किलोमागे ५ एंडोटॉक्सिन युनिट ही मर्यादा धरली जाते.

सलाइन सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात ठणठणीत माणसाला हुडहुडी भरली तर बाटली आणि सेट दोन्ही तात्काळ बंद करा. सुई ठेवा, नव्या सेटने नवी बाटली जोडा. रुग्णाचं आणि बाटलीतल्या द्रवाचं, दोन्हींचं कल्चर पाठवा. बाटलीचं कल्चर कोरं आलं तरी एंडोटॉक्सिन नव्हतंच असा अर्थ होत नाही. बाटली फेकू नका, बॅच नंबर लिहून ती बाजूला ठेवा आणि त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्या वापरातून काढा.

पायरी ९: केंद्रावरून पुढे पाठवताना

धडगाव, अक्कलकुवा किंवा शिरपूरच्या वरच्या भागातून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. अँटिबायोटिकसाठी असलेला तो एक तास रस्त्यावर संपून जाऊ देऊ नका. १०८ ची वाट बघताना शीर घ्या, द्रव सुरू करा. कल्चरच्या बाटल्या नसतील तर निदान लघवीचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन सोबत द्या. मग मेडिकल ऑफिसरशी बोलून केंद्रात असेल ते शिरेतून देण्याचं अँटिबायोटिक द्या, अॅलर्जी विचारून.

चिठ्ठीवर "फीव्हर विथ हायपोटेन्शन" एवढंच लिहून पाठवलं तर पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्यापेक्षा हे लिहा: थंडी वाजली ती वेळ, पहिलं बीपी आणि ते किती वाजता घेतलं, साखर, मलेरियाच्या टेस्टचा निकाल, किती मिली द्रव गेला, कोणतं अँटिबायोटिक किती वाजता दिलं, ते देण्याआधी नमुना घेतला की नाही, आणि संसर्ग कुठून सुरू झाला असावा असं तुम्हाला वाटतं. कुशीत दुखत असेल तर "मूत्रमार्ग अडला आहे का, सोनोग्राफी आधी" हे ठळक लिहा, म्हणजे तिथे पोहोचल्यावर सर्जनला लगेच बोलावलं जाईल.